बोलता बोलता टाइप करावं लागतं, आणि कॉलवर आवाजापेक्षा कीबोर्डच जास्त ऐकू जातो

मीनल_सातारा (सोमवार, रात्री 9:40)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस सोसलं, आता मदत हवी आहे.

मी घरून बिझनेस ॲनालिस्टचं काम करते. दिवसातून तीन-चार तास झूमवर असते. काम असं आहे की क्लायंटला प्रश्न विचारायचे आणि तो उत्तर देत असतानाच टिपून घ्यायचं. कित्येकदा मी पुढचा प्रश्न विचारत असते तेव्हा बोटं मागचं उत्तर लिहीत असतात. त्यामुळे "टाइप करताना म्यूट कर" हा सल्ला मला उपयोगाचा नाही.

कीबोर्ड मेकॅनिकल आहे, निळ्या स्विचचा. माइक यूएसबी कंडेन्सर, सोबत आलेल्या छोट्या तिपाईवर टेबलावरच ठेवलेला, कीबोर्ड आणि स्क्रीनच्या मधे. टेबल प्लायचं, लोखंडी पायांचं, घडी होणारं. गेल्या महिन्यात मॅनेजर म्हणाले की तू बोलतेस तेव्हा पत्र्यावर पाऊस पडल्यासारखं वाटतं.

मग झूममध्ये Background noise suppression हे High वर नेलं. कीबोर्ड जवळजवळ गेला. पण नंतर जे झालं त्याने घाबरले. मी क्लायंटला "वी कान्ट डू धिस इन फेज वन" म्हणाले, आणि त्याने मीटिंगच्या नोंदीत लिहिलं की आम्ही ते पहिल्या टप्प्यात करणार आहोत. रेकॉर्डिंग ऐकलं तर माझा "कान्ट"चा शेवटचा ट गायब आहे. मी तेव्हा टाइप करत होते. ती नोंद सुधारून घ्यायला दोन दिवस गेले.

High लावलं तर शब्द जातात, Low लावलं तर पाऊस. मधला रस्ता कसा काढायचा?

टेक_तुषार (सोमवार, रात्री 10:05)

दोन गोष्टी करा, प्रश्न संपला.

एक, कंडेन्सर माइक काढून डायनॅमिक घ्या. कंडेन्सर खोलीतलं सगळं ओढतो, डायनॅमिक फक्त जवळचं ओढतो. दोन, ओबीएस या स्ट्रीमिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये नॉइझ गेट लावा. ठराविक पातळीखालचा आवाज तो बंदच करतो. मी गेमिंग स्ट्रीम करतो, मला कोणीही कीबोर्डबद्दल बोलत नाही.

वसुधा_मिरज (सोमवार, रात्री 10:30)

मीनलताई, माझाही हाच त्रास आहे. मी मुद्दाम नॉइझ कॅन्सलेशनचा हेडफोन घेतला, चांगला महाग. मला कीबोर्ड अजिबात ऐकू येत नाही, पण कॉलवरचे लोक अजून तक्रार करतात. हेडफोन खराब असेल का? दुकानदार परत घेत नाही.

खर्ज (मंगळवार, सकाळी 7:15)

मी मुंबईत डबिंग स्टुडिओत एकवीस वर्षं माइक लावत आलो आहे. कॉलचा अनुभव कमी, पण माइक आणि अंतर हा विषय तोच आहे.

वसुधाताई, तुमचा हेडफोन खराब नाही. बॉक्सवर जे लिहिलेलं असतं ते तुमच्या कानासाठी असतं. बाहेरचा आवाज ऐकून त्याच्या उलट लाट तो तुमच्या कानात सोडतो, म्हणून तुम्हाला शांत वाटतं. तुमच्या माइकमधून जे पुढे जातं त्याच्याशी या गोष्टीचा संबंध नाही. माइकसाठी वेगळी सोय काही हेडफोनांत असते, काहींत नसते. उलट एक तोटा होतो. तुम्हाला स्वतःचा कीबोर्ड ऐकू येत नाही, त्यामुळे बोटं जास्त जोरात पडतात.

मीनल, तुम्ही सप्रेशनपासून सुरुवात केलीत, तिथे मी सर्वांत शेवटी पोहोचलो असतो. आधी माइकमध्ये काय जातंय ते बघू. तुम्ही लिहिलंय की माइक कीबोर्ड आणि स्क्रीनच्या मधे आहे. म्हणजे माइकच्या सर्वांत जवळ कीबोर्ड आहे, तोंड नाही. कृपया फूटपट्टीने दोन मापं घ्या: तोंड ते माइक किती, आणि कीबोर्डचा मधला भाग ते माइक किती. आणि माइकचं तोंड कुठल्या बाजूला आहे तेही सांगा.

तुषार, गेटबद्दल तुमचं अर्धं बरोबर आहे. तुम्ही गप्प असताना गेट बंद राहतं आणि कीबोर्ड अडतो. पण मीनल बोलायला लागल्या की गेट उघडणार, आणि उघड्या दारातून त्यांच्या आवाजासोबत कीबोर्डही आत येणार. त्यांचा त्रास नेमका त्याच वेळचा आहे.

टेक_तुषार (मंगळवार, सकाळी 9:50)

गेटचं मान्य, माझ्या डोक्यात ते आलं नव्हतं, कारण मी खेळताना फार बोलत नाही. पण डायनॅमिकवर ठाम आहे. दोन्ही वापरून बघितलेत.

खर्ज (मंगळवार, सकाळी 10:20)

डायनॅमिक माइक तुम्ही तोंडाला चिकटवून वापरता, कारण तो लांबून फार क्षीण आवाज देतो. जवळ आलात म्हणून गेन, म्हणजे माइकचा आवाज वाढवण्याची पातळी, कमी लागला, आणि गेन कमी झाला म्हणून खोली गेली. फायदा अंतराने दिला. कंडेन्सर तितकाच जवळ आणून गेन तितका खाली नेलात तर फरक फार थोडा उरतो. नवी खरेदी करण्याआधी आहे तो माइक हलवून बघावा, इतकंच म्हणतो.

मीनल_सातारा (मंगळवार, रात्री 8:55)

मोजलं. तोंड ते माइक 60 सेंटीमीटर, कीबोर्ड ते माइक 15 सेंटीमीटर. माइक माझ्याकडे झुकवून आडवा ठेवलाय, म्हणजे त्याचं टोक माझ्याकडे येतं. कंपनीचं नाव छताकडे बघतंय.

खर्ज (मंगळवार, रात्री 9:30)

मग दोन चुका एकदम सापडल्या.

पहिली, तुमच्या वर्णनावरून हा माइक बाजूने ऐकणारा आहे. टोकाने ऐकणारा नाही. ज्या बाजूवर नाव छापलंय ती सहसा त्याची पुढची बाजू. ती छताकडे असेल तर तुम्ही त्याच्या टाळूवर बोलताय. स्टुडिओत नवीन येणारी कितीतरी मुलं हीच चूक करतात, कारण हातातल्या माइकवर टोकाशी बोलायची सवय असते.

दुसरी चूक अंतराची. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाजाची पातळी 6 डेसिबलने उतरते. तुमचं तोंड कीबोर्डच्या चौपट लांब आहे, म्हणजे दोनदा दुप्पट. तुमच्या आवाजाला सुरुवातीलाच 12 डेसिबलचा घाटा आहे. वर निळा स्विच, त्याचा टक्‌ टक्‌ आधीच टोकदार. अशा मिश्रणातून झूमने कीबोर्ड वेगळा काढावा, ही त्याच्याकडून फार मोठी अपेक्षा झाली.

करायचं असं. माइक टेबलावरून उचला. टेबलाला न टेकणारा स्टँड हवा. आडवा दांडा असलेला असेल तर उत्तम. माइक गालाच्या बाजूने, तोंडापासून 10 ते 15 सेंटीमीटरवर आणा. नाव छापलेली बाजू ओठांच्या कोपऱ्याकडे आणि पाठ कीबोर्डकडे. मागे बटण असेल तर हृदयाच्या आकाराचं चिन्ह निवडा, त्यात माइक पाठीमागचं सर्वांत कमी ऐकतो. अगदी ओठांसमोर धरू नका, नाहीतर प, फ, भ म्हणताना हवेचा फटका बसेल.

आणि लगेच माइकचा गेन खाली आणा. हे विसरलात तर सगळी मेहनत फुकट जाते. माइक जवळ आणून गेन तोच ठेवला तर आवाज फाटेल आणि कीबोर्ड जवळपास होता तिथेच राहील.

प्रसाद_टोरंटो (बुधवार, पहाटे 5:10)

मधेच माझं सांगतो, क्षमस्व. खर्ज यांनी अंतराचं लिहिलं ते वाचून गोंधळलो. माझ्याकडे दांडीचा हेडसेट आहे. माइक तोंडापासून तीन सेंटीमीटर, कीबोर्ड हाताच्या अंतरावर. तरी टीम्सवर सहकारी म्हणतात की कीबोर्ड कानाशी वाजतो. तुमच्या हिशेबाने हे व्हायलाच नको.

खर्ज (बुधवार, सकाळी 6:40)

खरंच व्हायला नको. टीम्सच्या सेटिंग्जमध्ये Devices उघडा, हेडसेटच्या माइकवर नखाने हलकेच खरवडा आणि आवाजाची पट्टी हलते का बघा. मग लॅपटॉपच्या कीबोर्डजवळ खरवडून बघा.

प्रसाद_टोरंटो (बुधवार, सकाळी 7:25)

हेडसेट खरवडला, पट्टी ढिम्म. लॅपटॉपच्या अंगावर बोट ओढलं तर पट्टी शेवटपर्यंत. निवडलेला माइक लॅपटॉपचा होता. ऐकू हेडसेटमधून येत होतं, म्हणून कधी शंकाच आली नाही. बहुधा डॉकमधून लॅपटॉप काढला-लावला तेव्हा बदललं असावं. हेडसेट निवडला. त्यानंतर झालेल्या मीटिंगमध्ये कोणी काही बोललं नाही. दोन वर्षं लोकांनी सहन केलं हे आठवून वाईट वाटतं.

अवनी_कोड (बुधवार, दुपारी 1:30)

लॅपटॉपचा माइक निवडलेला असणं हे या तक्रारीचं फार नेहमीचं कारण आहे. तो माइक कीबोर्डच्याच सांगाड्यात बसवलेला असतो. की आपटली की हादरा हवेतून तर जातोच, पण अंगातूनही थेट पोहोचतो. तिथे अंतराचा हिशेबसुद्धा लागू होत नाही.

मी ऑडिओ सॉफ्टवेअरमध्ये काम करते. मीनलताईंचा "कान्ट"चा ट कुठे गेला ते सांगायचा प्रयत्न करते.

जुन्या पद्धतीचं सप्रेशन असं चालायचं: तुम्ही बोलत नसता तेव्हा मागचा आवाज कसा आहे ते शिकायचं, आणि तेवढा भाग वजा करायचा. पंखा, एसी, फ्रीज यांना हे चांगलं लागू पडतं, कारण ते एकसारखे घुमतात. कीचा टक्‌ क्षणात येतो आणि जातो. शिकायला वेळच मिळत नाही. म्हणून जुन्या सॉफ्टवेअरमध्ये पंखा जायचा आणि कीबोर्ड राहायचा.

नवी पद्धत न्यूरल नेटवर्कची. ओबीएसमध्ये आरएननॉइझ नावाचं जे सप्रेशन मिळतं त्याचं उदाहरण घेते, कारण त्याचा कोड खुला आहे. ते आवाजाचे 10 मिलिसेकंदांचे तुकडे करतं, प्रत्येक तुकडा खर्जापासून तारापर्यंत 22 पट्ट्यांत विभागतं, आणि प्रत्येक पट्टी किती दाबायची ते ठरवतं. यात बोलणं किती आणि इतर किती, असा तो अंदाज असतो. झूमच्या आत नेमकं काय आहे ते बाहेरच्यांना दिसत नाही, पण परिणाम त्याच जातीचा आहे.

आता ट कसा उच्चारतो बघा. जीभ टाळूला लावून हवा अडवतो आणि एकदम सोडतो. एक छोटी शांतता आणि मग एक छोटा स्फोट. कीचा टक्‌ही तसाच. शब्दाच्या शेवटी ट आला, त्याच क्षणी की पडली, तर दोघं एकाच तुकड्यात आणि बऱ्याच अंशी एकाच पट्टीत सापडतात. दाबलं तर दोघांना दाबावं लागतं. High म्हणजे शंका आली तर दाबा, Low म्हणजे शंका आली तर सोडा. म्हणून क, ट, त, प हे व्यंजन शब्दाच्या शेवटी सर्वांत आधी बळी पडतात. स्वर लांब असतात, ते वाचतात.

माइक जवळ आणल्यावर याच तुकड्यात ट मोठा आणि टक्‌ लहान होतो. मग त्या अंदाजाला चुकायला जागा कमी उरते. खर्ज यांनी सांगितलेला क्रम यासाठी बरोबर आहे.

हर्षदा_तबला (बुधवार, सायंकाळी 6:15)

अवनी, हे वाचून माझं एक कोडं उलगडतंय असं वाटतं. मी झूमवर तबला शिकवते. मुलांना माझं बोलणं स्वच्छ जातं, आणि तबला वाजवायला घेतला की "मॅडम, काहीच ऐकू येत नाही" म्हणतात. ता, ना, तिट पूर्ण गायब. धा थोडा घुमतो तेवढाच. मीही High वरच होते, कारण खाली रिक्षा स्टँड आहे. म्हणजे माझा तबला त्याला कीबोर्ड वाटतोय?

अवनी_कोड (बुधवार, सायंकाळी 6:50)

साधारण तसंच म्हणता येईल. बोलणं नाही, क्षणिक आघात आहे, म्हणून दाबलं. तुम्हाला उलटी दिशा हवी. झूमच्या ऑडिओ सेटिंग्जमध्ये Original sound for musicians आहे, ते चालू करा. मीटिंगच्या वरच्या कोपऱ्यात त्याचं बटण येतं, वाजवताना दाबायचं आणि बोलताना परत बंद करायचं. रिक्षांचा आवाज मात्र तेव्हा येणार. आणि स्पीकर चालू ठेवून करू नका, हेडफोन लावा, नाहीतर आवाज फिरून परत येईल.

मीनल_सातारा (शुक्रवार, रात्री 10:10)

दोन दिवस लागले, पण सगळं करून बघितलं. सविस्तर लिहिते.

स्टँडचा प्रश्न घरातच सुटला. सासऱ्यांच्या भजनी मंडळाचा आडव्या दांड्याचा स्टँड माळ्यावर होता. माझ्या माइकचे आटे त्याला बसेनात. स्टँडचा स्क्रू जाड, माइकचं भोक लहान. साउंड सिस्टिमच्या दुकानात दाखवलं, त्यांनी पितळेचा छोटा ॲडॉप्टर दिला, बसला. स्टँड जमिनीवर, टेबलाला कुठेही टेकत नाही. माइक आता तोंडापासून 12 सेंटीमीटर, कीबोर्डपासून 40. नाव माझ्याकडे, पाठ कीबोर्डकडे. मागच्या बटणावर आठच्या आकड्यासारखं चिन्ह निवडलेलं होतं, ते बदलून हृदयाचं केलं. गेनचं बटण पाऊण होतं, ते तिसऱ्या हिश्श्यावर आणलं.

मग ऑडॅसिटीत झूमशिवाय रेकॉर्ड केलं. आधी फक्त एक परिच्छेद वाचला, मग गप्प राहून तेवढाच मजकूर टाइप केला. जुन्या जागी माझा आवाज जास्तीत जास्त -15 पर्यंत जात होता आणि कीबोर्ड -17 पर्यंत. म्हणजे मी आणि कीबोर्ड जवळजवळ बरोबरीत होतो! नव्या जागी आवाज -12 आणि कीबोर्ड -31.

हिशेब मात्र जुळत नाही. 60 चे 12 झाले म्हणजे 14 डेसिबल, 15 चे 40 झाले म्हणजे साडेआठ. बेरीज साडेबावीस. वर पाठीमागे न ऐकण्याचा फायदा वेगळा. मला 17 च मिळाले. काही चुकलं का?

खर्ज (शुक्रवार, रात्री 10:45)

काही चुकलं नाही. 17 चांगले आहेत. तो हिशेब मोकळ्या माळरानाचा आहे, तुम्ही खोलीत बसलात. कीचा आवाज छतावर, तुमच्या मागच्या भिंतीवर आपटून परत येतो, आणि परत येताना तो माइकच्या पाठीकडून येत नाही, पुढून येतो. ती भिंत उघडी असेल तर जास्तच येतो. मागे कपड्यांची मांडणी, जाड पडदा किंवा पुस्तकांचं कपाट असेल तर आणखी दोन-चार डेसिबल मिळतील. त्यापुढे फार हाती लागणार नाही.

आठच्या आकड्याचं चिन्ह होतं हे वाचून बटणाचं सांगितलं ते बरं झालं असं वाटलं. त्या स्थितीत माइक पुढचं आणि मागचं सारखंच ऐकतो. तुम्ही पाठ कीबोर्डकडे केली असती आणि चिन्ह तसंच ठेवलं असतं, तर वळवण्याचा काही उपयोग झाला नसता.

आता कीबोर्डखाली काहीतरी जाड घाला.

मीनल_सातारा (शनिवार, दुपारी 12:20)

जुन्या गोधडीचा तुकडा दोन घड्या करून कीबोर्डखाली घातला. "धप्‌" असा जो खालचा आवाज होता तो गेला. "टक्‌" तसाच आहे.

मग खरी परीक्षा घेतली. शेवटी ट, क, प, त येणारे दहा इंग्रजी शब्द निवडले: कान्ट, डोन्ट, नॉट, चेक, स्टॉप असे. बहीण कोल्हापुरात आहे, तिच्याबरोबर झूम लावलं. तिला शब्द आधी सांगितले नाहीत. मी टाइप करत करत ते वाक्यात घालून बोलले आणि तिने ऐकू आलं तसं कागदावर लिहिलं. प्रत्येक पातळीला शब्दांचा क्रम बदलला.

माइक नव्या जागी ठेवून High वर चार शब्दांचं शेवटचं अक्षर गेलं. Medium वर एक गेलं. Low वर एकही नाही, पण तिला कीबोर्ड जाणवत होता, त्रास होण्याइतका नाही. टाइप न करता बोलले तेव्हा Medium वर दहाही बरोबर. मग माइक जुन्या जागी नेऊन Medium वर केलं तर कीबोर्ड मोठ्याने ऐकू आला आणि तीन शब्दही गेले.

म्हणजे माझ्यासाठी Medium. पण एक विचित्र गोष्ट बहिणीने सांगितली. ती बरंच बोलत होती आणि मी फक्त टाइप करत होते, तेव्हा आधी कीबोर्ड हळू होता आणि थोड्या वेळाने वाढत गेला. मी बोलायला लागले की परत हळू. हे काय?

अवनी_कोड (शनिवार, दुपारी 1:05)

झूमच्या ऑडिओमध्ये माइकच्या आवाजाखाली Automatically adjust microphone volume ची खूण आहे का बघा. ती चालू असेल तर तुम्ही गप्प झाल्यावर झूमला वाटतं की आवाज कमी येतोय, आणि तो गेन चढवत जातो. समोर फक्त कीबोर्ड असतो, मग तोच वाढतो. खूण काढा आणि विंडोजमधली माइकची पातळी हाताने ठरवा. तिथे Microphone Boost दिसलं तर ते शून्यावर. यूएसबी माइकला बहुधा ते दिसणारच नाही.

आणखी एक. लॅपटॉप कंपनीचं स्वतःचं आवाज साफ करणारं ॲप असेल तर तेही बघा. दोन ठिकाणी सप्रेशन चालू असलं की पहिल्याने कुरतडलेला आवाज दुसऱ्याला मिळतो, आणि तो आणखी कुरतडतो. पाण्याखालून बोलल्यासारखं ऐकू आलं तर आधी हीच शंका घ्यावी. एकाच ठिकाणी चालू ठेवावं.

मीनल_सातारा (शनिवार, दुपारी 2:40)

खूण होती, काढली. बहीण म्हणते वाढणं बंद झालं. दुसरं ॲप नाही.

टेक_तुषार (शनिवार, सायंकाळी 5:30)

मीनलताईंचे आकडे बघून मीही माझ्या दोन माइकवर मोजलं. दोन्ही तोंडापासून 8 सेंटीमीटर, दोन्हीचा गेन असा लावला की माझा आवाज सारखा येईल. कीबोर्डमध्ये फरक 3 डेसिबलचा आला, डायनॅमिक कमी. मला 10-15 ची खात्री होती. पण 3 आहेत, शून्य नाहीत.

खर्ज (शनिवार, सायंकाळी 6:10)

3 हे मान्य. मात्र दोन माइक पाठीमागचं वेगवेगळ्या प्रमाणात ऐकत असतील, तर ते 3 त्याचे की डायनॅमिक असण्याचे हे यावरून कळणार नाही. डायनॅमिकची वरची सप्तकंही थोडी मऊ असतात, टक्‌ त्यानेही बोथट होतो. मी यावर अडून बसत नाही. तुम्ही मोजलंत हे मला फार आवडलं.

टेक_तुषार (शनिवार, सायंकाळी 6:25)

मी अजून डायनॅमिकच म्हणेन :)

वसुधा_मिरज (रविवार, सकाळी 9:00)

मी हेडफोनबद्दल विचारलं होतं. आता कळलं की तो माझ्या कानासाठी आहे. पण मग मी काय करू? स्टँड वगैरे माझ्याच्याने होणार नाही, माझं टेबल म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा आहे. आणि हा हेडफोन ब्लूटूथचा आहे.

प्रसाद_टोरंटो (रविवार, सकाळी 9:35)

वसुधाताई, मी माझ्यापुरतं सांगतो. तारेचा, दांडीवर माइक असलेला साधा यूएसबी हेडसेट घ्या. कॉल सेंटरमध्ये वापरतात तसा, एका कानाचाही मिळतो. माइक ओठांच्या कोपऱ्याशी, नाकाच्या श्वासाच्या वाटेत येणार नाही असा, दोन-तीन सेंटीमीटरवर. ओट्यावर काहीच ठेवायला लागत नाही. महाग हेडफोन गाण्यांसाठी ठेवा. आणि ॲपमध्ये तोच माइक निवडलाय का ते नखाने खरवडून बघा, माझ्यासारखी दोन वर्षं जायला नकोत.

अवनी_कोड (रविवार, सकाळी 10:15)

प्रसादना अनुमोदन. ब्लूटूथबद्दल एवढंच जोडते: कॉलसाठी त्याचा माइक चालू झाला की बऱ्याच लॅपटॉपवर आवाजाचा दर्जा उतरतो, वरचा भाग कापला जातो. ट आणि त मधला फरक त्याच वरच्या भागात असतो. आधीच क्षीण झालेल्या व्यंजनावर मग सप्रेशन चालतं. शिवाय कानावरच्या हेडफोनचा माइक तोंडापासून बराच मागे असतो. तारेचा दांडीवाला त्यामानाने स्वस्त आणि जास्त खात्रीचा.

हर्षदा_तबला (रविवार, दुपारी 4:00)

Original sound लावून काल वर्ग घेतला. तिट आला! मुलांनी टाळ्या वाजवल्या. रिक्षाही आल्या, पण तबल्याखाली दबतात. अवनी, मनापासून आभार. माझी एक विद्यार्थिनी गूगल मीटवर आहे, तिथे काय ते अजून शोधतेय. कोणी तिथे वाद्य शिकवत असेल तर सांगा.

मीनल_सातारा (बुधवार, रात्री 9:20)

तीन दिवस खऱ्या कॉलवर वापरलं. मॅनेजर म्हणाले, पाऊस थांबला. निळा कीबोर्ड बदललेला नाही.

Medium वर दहातला एक शब्द गेला होता तो मात्र डोक्यात राहिला आहे. तो कुठलाही जाऊ शकतो, आणि "कान्ट" गेला तर काय होतं ते मी भोगलंय. म्हणून आता नकार सांगायचा असेल तेव्हा "कान्ट" म्हणतच नाही, "कॅनॉट" म्हणते, सावकाश, आणि तेवढ्या वाक्यापुरती बोटं कीबोर्डवरून उचलते. "कॅनॉट"मधला "नॉ" लांब आहे, शेवटचा ट गेला तरी नकार कळतो. बहिणीबरोबर पाच वेळा High वरही करून बघितलं, पाचही वेळा तिला नकारच कळला.

क्लायंटकडचा एक जण फोनवरून डायल करून येतो. त्याला अजूनही माझे शब्द तुटक ऐकू येतात, बाकी कोणाला नाही. त्याच्याबाबत काय करायचं ते सापडलेलं नाही. कोणाला फोन लाइनचा अनुभव असेल तर जरूर लिहा.

खर्ज (गुरुवार, सकाळी 7:05)

फोनच्या लाइनवर वरची सप्तकं बरीच कापली जातात, ट-त चा मोठा भाग तिथेच जातो. तुमच्या बाजूने त्याच्यापुरतं Low करून बघता येईल का? तो असेल त्या मीटिंगला कीबोर्ड थोडा ऐकू जाईल, पण शब्द पूर्ण जातील. करून बघा आणि इथे लिहा.